आजची वेळ सोडतोय, पुढची मिळेल का?

समजा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात काम करणाऱ्या इंजिनिअरचं रूट कॅनॉल चालू आहे. पहिलं सिटिंग गेल्या गुरुवारी, ९ तारखेला झालं. दुसरं आज, १६ तारखेला, संध्याकाळी साडेसहाला आहे. दुपारी अडीच वाजता मुख्य कॉम्प्रेसर बंद पडतो आणि लाइन थांबते. सुटा भाग यायला संध्याकाळ होणार, त्यानंतर जोडणी आणि चाचणी. आज दवाखान्यात पोचणं शक्य नाही, हे तीन वाजेपर्यंत स्पष्ट होतं. घाईत तो दवाखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो :

‘सर आज अर्जंट काम आलंय, जमणार नाही. उद्या चालेल का?’

या मजकुरात उद्धट काही नाही. तरीही दवाखान्याच्या दृष्टीने तो अडचणीचा आहे. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही. वेळ कोणती आणि उपचार कोणता, तेही नाही. शिवाय ‘जमणार नाही’ म्हणजे आजची वेळ सोडली, की उद्याचं ठरेपर्यंत ती अडवून ठेवायची? रिसेप्शनवरच्या बाईंना आता नंबरावरून फाइल शोधावी लागते, मग फोन करून सगळं विचारावं लागतं. आणि फोन लागत नाही, कारण इंजिनिअर कॉम्प्रेसरपाशी आहे.

दवाखान्याला विनंती करताना सौजन्य कशात असतं, याचं उत्तर इथे मिळतं. ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’ किती वेळा आलं, याने फार फरक पडत नाही. समोरच्या माणसाला उलटा फोन न करता वहीत बदल करता आला पाहिजे, इतका मजकूर पुरा हवा.

त्यासाठी त्या साडेसहाच्या वेळेमागे काय असतं, ते बघायला हवं. अनेक डेंटल क्लिनिकमध्ये रूट कॅनॉलचे तज्ज्ञ रोज बसत नाहीत. ते ठरावीक वारी येतात आणि त्यांच्या त्या दोन-तीन तासांतच पेशंट बसवावे लागतात. एका सिटिंगला पाऊण तास ते तासभर खुर्ची लागते. निर्जंतुक केलेली अवजारं मांडून ठेवलेली असतात, मदतनीस थांबलेली असते. त्याच वेळी दात ठणकत असलेला कोणीतरी ‘मधे जागा झाली तर सांगा’ म्हणून नाव लिहून गेलेला असतो. दुपारी तीनला कळलं, तर त्याला बोलावता येतं. सव्वासहाला कळलं, तर तो घरून निघून पोचेपर्यंत तज्ज्ञांची वेळ संपत आलेली असते. म्हणून मजकूर सुंदर जुळवण्यात वीस मिनिटं घालवण्यापेक्षा, जमणार नाही हे कळताक्षणी पाच ओळी पाठवलेल्या बऱ्या.

त्या पाच ओळी अशा असू शकतात :

‘नमस्कार. मी (पूर्ण नाव), फाइल नंबर ४१२. आज गुरुवारी संध्याकाळी ६.३० वाजता माझं रूट कॅनॉलचं दुसरं सिटिंग आहे. कंपनीत मोठा बिघाड झाल्यामुळे मला आज येता येणार नाही, आजची वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी. सोमवारी २० तारखेला किंवा गुरुवारी २३ तारखेला संध्याकाळी ६ नंतर वेळ मिळू शकेल का? दात दुखत नाही, सूज नाही, तात्पुरतं फिलिंग जागेवर आहे. इतके दिवस थांबलं तर चालेल का, हे कृपया डॉक्टरांना विचारून सांगावं. ऐनवेळी कळवावं लागतंय, त्याबद्दल क्षमस्व.’

सुरुवातीला नाव आणि फाइल नंबर आहे, कारण दवाखान्याच्या फोनवर प्रत्येक पेशंटचा नंबर सेव्ह केलेला असेलच असं नाही. ‘सर’ किंवा ‘मॅडम’ गाळलं आहे, कारण तो फोन कोणाच्या हातात आहे हे माहीत नाही. नुसता ‘नमस्कार’ सगळ्यांना चालतो. रिसेप्शनवरच्या ताई ओळखीच्या असतील, तर अर्थात ‘नमस्कार ताई’.

कारण एका वाक्यात आटोपलं आहे. कॉम्प्रेसरचा कोणता भाग गेला, साहेब काय म्हणाले, किती माल अडकला, याचा दवाखान्याला उपयोग नाही आणि कंपनीच्या आतल्या गोष्टी बाहेर सांगाव्यात असंही नाही. मात्र नुसतं ‘अर्जंट काम’ लिहिलं, की ते रोज येणाऱ्या दहा सबबींत मिसळून जातं. ‘कंपनीत मोठा बिघाड’ एवढं पुरेसं आहे. खोटं आजारपण तर मुळीच सांगू नये. दवाखान्यात ताप आल्याचं सांगितलं तर तिथले लोक त्याची नोंद करतात, त्यावरून प्रश्न विचारतात, कधी उपचार पुढे ढकलतात.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे ते ‘आजची वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी’. बहुतेकांच्या मजकुरात नेमकं हेच नसतं. पुढची वेळ मिळण्याआधी हातातली सोडायला मन धजत नाही. पण न येण्याचं नक्की झालं असेल, तर धरून ठेवलेल्या वेळेचा उपयोग कोणालाच होत नाही. शिवाय हे वाक्य आधी आलं, की पुढची मागणी ऐकणाऱ्याला हलकी वाटते.

मागणी प्रश्नाच्या रूपात आहे : ‘वेळ मिळू शकेल का?’ ‘सोमवारची वेळ द्या’ किंवा ‘सोमवारी शिफ्ट करून टाका’ यांत हुकूम ऐकू येतो, मग पुढे कितीही ‘प्लीज’ जोडा. पण प्रश्न मोकळा सोडला, ‘पुढे कधी जमेल?’ एवढंच विचारलं, तर निवडीचं सगळं ओझं रिसेप्शनवर जातं. म्हणून दोन तारखा आणि त्यांतली वेळ. त्या तारखाही विचार करून द्याव्यात. पहिल्या मजकुरातला ‘उद्या’ म्हणजे शुक्रवार, आणि या दवाखान्यात तज्ज्ञ सोमवारी आणि गुरुवारी येतात. फाइलवर किंवा दारावरच्या पाटीवर लिहिलेले वार बघितले असते, तर एक नकार वाचला असता.

शेवटचा भाग वैद्यकीय आहे. दोन सिटिंगच्या मधे दातात औषध भरून वर तात्पुरतं फिलिंग बसवलेलं असतं. ते काही दिवसांसाठी, फार तर काही आठवड्यांसाठी असतं. ते झिजलं किंवा निघालं, तर लाळेतले जंतू साफ केलेल्या नळीत पुन्हा शिरतात आणि झालेलं काम वाया जाऊ शकतं. त्यामुळे किती थांबलं तर चालेल, हे पेशंटने किंवा रिसेप्शनने ठरवायचं नसतं. दुखणं, सूज आणि फिलिंगची स्थिती या तीन गोष्टी कळल्या, की डॉक्टर अर्ध्या मिनिटात उत्तर देऊ शकतात. यांतलं काही बिघडलेलं असेल, तर मजकुराचा सूरच बदलायला हवा : ‘फिलिंग निघालं आहे. आज येता येत नाही, उद्या सकाळी कोणत्याही वेळी येऊ शकतो. काय करावं?’

काही वेळा सौजन्याने लिहूनही पुढे सरकत नाहीत, कारण त्या शरीराच्या घड्याळाला बांधलेल्या असतात. गरोदरपणातली एनटी स्कॅन ही सोनोग्राफी ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करतात. तेराव्या आठवड्याच्या अखेरीस असलेल्या बाईने ‘पुढच्या आठवड्यात मिळेल का’ असं विचारलं, तर ती तपासणीच हुकते. कुत्रा चावल्यानंतरच्या रेबीजच्या लसीचे डोसही ठरलेल्या दिवशीच घ्यायचे असतात. अशा वेळी मागणी दिवस बदलण्याची नको, तास बदलण्याची हवी : ‘आज दुपारी ४ ऐवजी रात्री ८ पर्यंत आलं तर चालेल का? नाहीतर आजच जवळच्या दुसऱ्या केंद्रात जाता येईल का?’ आणि तेही जमत नसेल, तर अडवायचं ते ऑफिसचं काम. डोळे तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब घालणार असतील, तर नवी वेळ मागताना आणखी एक विचार करावा. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं. दुपारी बाराची वेळ घेऊन दोनला स्क्रीनसमोर बसण्याचा बेत फसतो, दिवसाच्या अखेरची वेळ मागावी.

मजकूर पाठवला म्हणजे तो वाचला गेला असं होत नाही. गर्दीच्या वेळी रिसेप्शनवरचा फोन तासभर कोणी उघडतही नाही. ठरलेल्या वेळेला चार-पाच तासांहून कमी उरले असतील, तर आधी फोन करावा आणि मग तोच मजकूर लेखी पाठवावा. फोनवर दोन वाक्यं पुरतात : ‘आजची साडेसहाची वेळ मला सोडावी लागतेय. तपशील व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, दुसऱ्या कोणाला बोलावता आलं तर बोलवा.’ निळ्या खुणा दिसल्या तरी वेळ बदलली असं धरू नये, उत्तरात नवा वार आणि तास यायला हवा. तो आला, की आपणही परत लिहावा : ‘सोमवार, २० तारीख, संध्याकाळी ६.१५. नोंद केली, धन्यवाद.’ साडेसहा आणि सव्वासहा यांतला घोटाळा इथेच पकडला जातो.

रिसेप्शनवरचा फोन अनेकांच्या हातात जातो, हेही लक्षात ठेवावं. दाताचं सिटिंग लिहायला हरकत नाही. पण मानसोपचार किंवा स्त्रीरोगाच्या भेटीसाठी नाव, फाइल नंबर, डॉक्टर आणि वेळ एवढं पुरतं, विषय डॉक्टरांशीच बोलावा.

कळवण्याची सोय नीट असेल तर लोक कळवतात का, याचा तपास लंडनमध्ये झाला आहे. बार्ट्स हेल्थ या सरकारी रुग्णालय-समूहाने पेशंटना पाठवायच्या आठवणीच्या एसएमएसचे वेगवेगळे मजकूर करून पाहिले. २०१५मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या मजकुराला न कळवता गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण ११.१ टक्के होतं. न येण्याने आरोग्यसेवेला साधारण १६० पौंडांचा भुर्दंड पडतो, असं स्पष्ट लिहिलेल्या मजकुराला ते ८.४ टक्क्यांवर आलं. न वापरलेल्या वेळेची किंमत डोळ्यांसमोर ठेवल्यावर वागण्यात फरक पडला.

भारतातल्या खाजगी दवाखान्यांतही आता आगाऊ फी घेण्याची पद्धत आहे. ती भरली असेल, तर त्याचा प्रश्न वेगळ्या ओळीत आणि शेवटी विचारावा : ‘भरलेली फी नव्या वेळेसाठी धरता येईल का? नियमात बसत नसेल तर तसं सांगावं.’ पैशांचा मुद्दा पहिल्या ओळीत आला, की वेळ सोडण्याचं चांगुलपण झाकोळतं आणि संभाषण हिशेबावर घसरतं.

आणि सोमवारीही कॉम्प्रेसरने दगा दिला तर? दुसऱ्यांदा वेळ बदलताना आधीचाच मजकूर कॉपी करून पाठवू नये. ‘ही दुसरी वेळ आहे, याची मला जाणीव आहे’ हे स्वतःहून म्हणावं आणि यावेळी स्वतःच्या सोयीची वेळ मागू नये. त्याऐवजी लिहावं : ‘२३ तारखेला डॉक्टरांना जी वेळ सोयीची असेल, ती घेतो. सकाळची असली तरी त्या दिवशी अर्धी रजा टाकतो.’ पण हे लिहिण्याआधी वरिष्ठांकडून ती अर्धी रजा मंजूर करून घेतलेली असावी.