पेटीआधी पोचणाऱ्या चार मेल

देवगडचा एखादा बागायतदार दलालाला वगळून थेट गिऱ्हाइकाला हापूस विकायचं ठरवतो आणि वेबसाइटवर लिहितो, ‘ईमेल द्या, आंबा उतरला की कळवू.’ मार्चमध्ये पुण्या-मुंबईची माणसं पत्ते देतात. पुढे महिनाभर शांतता, आणि एप्रिलच्या मध्यावर एकदम जाहिरात! तोवर देणारा आपण पत्ता दिल्याचंच विसरलेला असतो आणि सरळ ‘स्पॅम’वर बोट ठेवतो. अशा तक्रारी हजारात 3 पर्यंत जाऊ देऊ नका, असं जीमेलच पाठवणाऱ्यांना बजावतं. त्यापुढे इतरांचे मेलही स्पॅममध्ये पडू लागतात.

म्हणून पहिला मेल पत्ता मिळताच, पाच मिनिटांच्या आत जावा. त्याचं काम एवढंच की वाचणाऱ्याने आपल्याला ओळखावं आणि उलट काहीतरी लिहावं. शेवटी एक साधा प्रश्न पुरतो: ‘पेटी कोणत्या गावी पाठवायची?’ उत्तरातून विश्वासही कळतो आणि मालवाहतुकीचा अंदाजही येतो.

दुसरा मेल दोन दिवसांनी. यात विक्रीचा शब्दही नको. आंबा झाडावरून तयार पण हिरवा उतरवतात, तो पेंढ्यात पिकतो, पिवळेपणा आणि वास आल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, हे सांगावं. हे माहीत नसलेला माणूस हिरवी पेटी पाहून ‘कच्चा माल पाठवला’ म्हणून फोन करतो. या मेलचं खरं काम तो फोन टाळणं.

पाचव्या दिवशी तिसरा मेल: भाव, डझनाचा आकार, पोचण्याची तारीख आणि ऑर्डरचं एकच बटण. शेजारी इन्स्टाग्राम, बागेचा व्हिडिओ असं काही ठेवलं, की बोट भलतीकडे जातं. नवव्या दिवशी चौथा, फक्त न घेणाऱ्यांना: ‘पेटी मोठी वाटते का, की भाव?’

‘फक्त’ हा शब्द सॉफ्टवेअरला सांगावा लागतो. ऑर्डर येताच ते नाव मालिकेतून बाहेर पडेल असा नियम लावला नाही, तर पैसे भरलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी ‘अजून ऑर्डर केली नाहीत?’ असं विचारलं जातं. चाचणी म्हणून स्वतःच्या दुसऱ्या पत्त्याने एक पेटी मागवून पाहावी. जुलैत नाव देणाऱ्याला तिसरा मेल मुळीच जाऊ नये. त्याला पुढच्या हंगामाच्या नोंदणीचं सांगावं.

यश मोजताना ‘किती जणांनी उघडला’ या आकड्यावर विसंबू नये. 2021 पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप, गोपनीयतेची सोय चालू असेल तर, न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दाखवतं. पहिल्या मेलला उत्तरं किती आली, दुसऱ्यानंतर कच्च्या मालाचे फोन किती घटले, तिसऱ्यावरून पेट्या किती गेल्या, हे मोजावं. चौथ्याच्या उत्तरांत ‘एक डझन मिळेल का?’ हेच वारंवार आलं, तर मेल नव्हे, पेटी बदलायला हवी.