एका ग्रॅम भुकटीतली चौदा मैदाने

एचकस्ट-१ नावाची एक निळी भुकटी आहे. हाँगकाँगच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी ती १९९९ मध्ये जगापुढे आणली आणि विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरूनच तिचे नाव पडले. तांब्याचे अणू हे तिचे सांधे आणि ट्रायमेसिक आम्लाचे रेणू या दांड्या. त्यातून उभी राहते आतून पोकळ चौकट. अशा धातू-सेंद्रिय चौकटींना संशोधक ‘मॉफ’ म्हणतात. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच कामासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळाले.

या भुकटीच्या एका ग्रॅममधल्या पोकळ्यांचा पृष्ठभाग सुमारे १८०० चौरस मीटर भरतो, म्हणजे पुरुषांच्या कबड्डीची जवळजवळ चौदा मैदाने. तिथे टेप लावता येत नाही. म्हणून नायट्रोजनचे रेणू आत सोडायचे आणि किती मावले ते मोजायचे.

आधी पोकळ्या रिकाम्या कराव्या लागतात, कारण त्यांत पाणी आणि द्रावक दडलेले असतात. काचेच्या नळीत भुकटी ठेवून निर्वातात, साधारण १५० अंश सेल्सिअसला, ती कित्येक तास तापवतात. तांब्याला चिकटलेले पाणी सुटले की फिकट निळा रंग गडद जांभळट निळा होतो. रंग बदलला नाही तर काम अपुरे आहे. वजन यानंतरचेच धरायचे. तापवण्याआधीच्या १०० मिलिग्रॅममध्ये २५ मिलिग्रॅम पाणी असेल आणि हिशेब १०० वर केला, तर क्षेत्रफळ थेट पाव भागाने कमी येते.

मग नळी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात आणि नायट्रोजन वायू थोडा थोडा सोडतात. दरवेळी दाब स्थिरावला की किती वायू चिकटला हे कळते. चिकटलेला वायू आणि दाब यांचा आलेख म्हणजे समतापी वक्र. दाब इथे सापेक्ष धरतात. नायट्रोजन द्रवरूप होतो तो दाब म्हणजे १. एचकस्टचा वक्र सुरुवातीलाच भिंतीसारखा उभा चढतो आणि मग जवळजवळ सपाट होतो.

या वक्रातून क्षेत्रफळ काढायचे समीकरण १९३८ मध्ये ब्रुनॉर, एमेट आणि टेलर यांनी दिले. त्यांच्या नावांवरून ते बीईटी. पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर बसायला किती वायू लागेल, हे ते सांगते. नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असे धरतात. त्या हिशेबाने प्रमाण तापमान-दाबाला मोजलेला एक घनसेंटिमीटर वायू ४.३५ चौरस मीटर झाकतो. एकेरी थराला ग्रॅममागे ४२० घनसेंटिमीटर लागले, तर क्षेत्रफळ १८२७ चौरस मीटर.

खरी मेख पुढे आहे. वक्राच्या एका तुकड्यातल्या बिंदूंवर सरळ रेषा बसवून ते ४२० मिळते, आणि तुकडा निवडणारा माणूस असतो. पाठ्यपुस्तकातली जुनी सवय ०.०५ ते ०.३० ची आहे. आपला नमुना असा समजू: ०.०१ ला ४१६, ०.०२ ला ४२४, ०.०५ ला ४३३ आणि ०.३० ला ४५२ घनसेंटिमीटर. शेवटच्या दोन बिंदूंतून रेषा काढली, तर उत्तर सुमारे १३३० चौरस मीटर येते. भुकटी तीच, नोंदीही त्याच, आणि चार मैदाने गायब!

चूक ओळखायच्या खुणा आहेत. त्या रेषेचा छेद ऋण येतो, आणि भिंतीचे नायट्रोजनवरचे आकर्षण सांगणारा स्थिरांक ऋण असूच शकत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ रूकरोल यांनी सोपी चाचणी दिली: चिकटलेल्या वायूला ‘१ वजा सापेक्ष दाब’ याने गुणायचे आणि तो गुणाकार वाढतो तिथवरच रेषा काढायची. आपल्या नमुन्यात ०.०१ ला तो ४१२, ०.०२ ला ४१६ आणि ०.०५ ला ४११. म्हणजे शिखर ०.०२ च्या आसपास. त्यापुढचे बिंदू सोडून द्यायचे. कारण तिथवर पोकळ्या भरत आलेल्या असतात आणि थरावर थर चढायला जागाच उरलेली नसते.

छिद्रांचा आकार आणखी नाजूक. सपाट भागातल्या ४६० घनसेंटिमीटर वायूचा द्रव केला, तर ०.७१ घनसेंटिमीटर पोकळी निघते. सगळी छिद्रे एकाच जाडीच्या नळ्या मानून चौपट आकारमानाला क्षेत्रफळाने भागले, तर व्यास १.५५ नॅनोमीटर येतो. पण क्ष-किरणांनी दिसलेल्या स्फटिकरचनेत मुख्य मार्ग सुमारे ०.९ नॅनोमीटरचे आहेत आणि बाजूचे कप्पे त्याहून लहान. म्हणून इतक्या अरुंद छिद्रांसाठी घनता-फलन सिद्धांतावर आधारलेली गणिते वापरतात. तीही छिद्राचा आकार आणि भिंतीचा पदार्थ आधी गृहीत धरतात, त्यामुळे त्यांचे उत्तर स्फटिकरचनेशी ताडून पाहावेच लागते. शिवाय नायट्रोजन उघड्या तांब्याकडे जास्तच ओढला जातो. छिद्रे मोजायला उणे १८६ अंशांचा आर्गॉन बरा.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६१ प्रयोगशाळांना तेच १८ वक्र देऊन क्षेत्रफळ काढायला सांगितले होते, आणि उत्तरे दूरदूर विखुरली. तेव्हा मॉफचे क्षेत्रफळ कुठे वाचलेत, तर शेजारी दाबाचा पल्ला आणि सुकवण्याची पद्धत दिली आहे का ते पाहा. नसेल, तर त्या आकड्याची दुसऱ्याशी तुलना करू नका.