शंभर क्विंटल तुरीचा हिशेब

डाळमिलमध्ये शंभर क्विंटल तूर टाकली की शंभर क्विंटल डाळ निघत नाही. समजा, 72 क्विंटल डाळ, 4 क्विंटल तुकडा, 19 क्विंटल टरफल आणि चुनी, 2 क्विंटल खडे-माती निघाली. उरलेले 3 क्विंटल म्हणजे वाळताना उडालेला ओलावा आणि धूळ. ही घट अटळ आहे.

बरेच मिलवाले वहीत फक्त डाळ जमा करतात, चुनी रोखीत विकून मोकळे होतात. इथेच भाव चुकतो. तूर 8,00,000 रुपयांची, दळणखर्च 30,000. तुकडा 20,000 आणि टरफल-चुनी 18,000 रुपयांना जाणार असेल, तर त्यांची स्टॉकमध्ये त्याच किमतीने वेगळी नोंद करून 38,000 वजा करावेत. उरलेले 7,92,000 भागिले 72, म्हणजे डाळ 11,000 रुपये क्विंटल पडली. खडे-मातीची आणि अटळ घटीची नोंद फक्त वजनात. त्यांचा खर्च डाळच सोसते.

पुढच्या खेपेला डाळ 70 क्विंटलच निघाली तर? भाव वाढवू नका. कमी पडलेल्या 2 क्विंटलचे 22,000 रुपये वेगळं नुकसान म्हणून नफा-तोट्यात दाखवा. मग कारण शोधा. चुनी तेवढीच वाढली असेल तर रोलर जास्त घासतोय. कुठलंच वजन वाढलं नसेल तर काटा तपासा, आणि गोदामाचं दारही.

त्यासाठी प्रत्येक खेपेला चुनीचं पोतंही काट्यावर चढवा.