वडनेरपासून वाढत जाणारा वृक्ष

नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग हिंगणघाट मागे टाकून दक्षिणेस निघाला की वर्धा जिल्ह्याची हद्द संपण्यापूर्वी वडनेर लागते. या वडनेरपासून हिंगणघाट, अल्लीपूर, समुद्रपूर, देवळी आणि वर्धा या पाच ठिकाणी फायबरची केबल अशा रीतीने न्यावयाची आहे, की कोणत्याही ठिकाणाहून कोणत्याही ठिकाणी संदेश पोहोचावा आणि तरीही चर खणण्याचा एकंदर खर्च शक्य तितका अल्प राहावा, असे आपण क्षणभर गृहीत धरू. ज्या जोड्यांमध्ये केबल टाकणे शक्य आहे त्यांचा खर्च मी उदाहरणापुरता पुढीलप्रमाणे ठरविला आहे, आणि तो लाख रुपयांत आहे असे समजावे: वडनेर-हिंगणघाट २०, वडनेर-अल्लीपूर २४, हिंगणघाट-अल्लीपूर १९, हिंगणघाट-समुद्रपूर १७, हिंगणघाट-वर्धा ३६, अल्लीपूर-वर्धा २५, अल्लीपूर-देवळी २७, वर्धा-देवळी १८ आणि समुद्रपूर-वर्धा ४०. हे आकडे रस्त्यावरील मैलांचे नव्हेत; एखाद्या मार्गावर नाला ओलांडावा लागतो तर दुसऱ्यावर सरळ शेताच्या बांधाने जाता येते, म्हणून अंतराऐवजी खर्चच तोलणे युक्त होय.

सहा ठिकाणे जोडण्यास पाच दुवे पुरतात, कारण सहावा दुवा घातला की कोठेतरी वर्तुळ पूर्ण होते आणि त्या वर्तुळातील एक दुवा काढून टाकला तरी जोडणी अखंड राहते. वर्तुळरहित आणि सर्वांना जोडणाऱ्या अशा रचनांपैकी सर्वांत स्वस्त रचनेस गणितात लघुतम विस्तारवृक्ष, म्हणजेच मिनिमम स्पॅनिंग ट्री, असे नाव आहे. हा प्रश्न प्रथम उद्भवला तोही विजेच्या तारांवरूनच. मोराव्हियाच्या विद्युतीकरणाच्या निमित्ताने चेक गणिती ओताकार बोरूव्का यांनी १९२६ साली त्याचे पहिले उत्तर प्रसिद्ध केले, आणि ते वाचून त्यांच्याच देशाच्या व्होइतेख यार्निक यांनी १९३० मध्ये जी निराळी रीत सुचविली ती आज अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट प्रिम यांच्या नावाने ओळखली जाते. प्रिम यांनी ती १९५७ मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती. मध्यंतरी १९५६ मध्ये जोसेफ क्रुस्कल यांनी तिसरी रीत प्रसिद्ध केली. प्रस्तुत लेखाचा विषय प्रिम आणि क्रुस्कल यांच्या रीतींची तुलना हा आहे.

क्रुस्कल यांची रीत एखाद्या दक्ष कचेरीच्या पद्धतीची आहे. सर्व दुव्यांची फर्द आधी तयार करावयाची, ती खर्चाच्या चढत्या क्रमाने लावावयाची, आणि मग वरून खाली एकेक नोंद वाचीत जी दोन ठिकाणे अद्याप परस्परांशी जोडली गेलेली नाहीत त्यांचाच दुवा मंजूर करावयाचा. आपली फर्द १७, १८, १९, २०, २४, २५, २७, ३६, ४० अशी लागते. १७ मंजूर होतो. १८ ने वर्धा आणि देवळी ही दोन गावे उरलेल्या जाळ्यापासून अलग असतानाच आपसात जोडली जातात. १९ आणि २० यांनी अल्लीपूर व वडनेर हिंगणघाटाशी येऊन मिळतात. २४ नामंजूर होतो, कारण वडनेर आणि अल्लीपूर हिंगणघाटामार्फत आधीच जोडलेले आहेत. आणि २५ ने दोन्ही तुकडे एक होतात. एकूण खर्च ९९ लाख.

प्रिम यांची रीत अशी समग्र फर्द मागत नाही. ती वडनेरला उभी राहते आणि फक्त वडनेरहून निघणारे दुवे विचारते. जे ठिकाण पदरात पडेल त्याचे दुवे त्यानंतर विचारते, आणि प्रत्येक पायरीस मिळविलेल्या प्रदेशातून बाहेर पडणाऱ्या दुव्यांपैकी सर्वांत स्वस्त दुवा स्वीकारते. बाहेर पडणाऱ्या दुव्यांची ही यादी सतत बदलत असल्याने तिच्यातील किमान घटक त्वरित हाती लागावा यासाठी हीप नावाची रचना योजितात. ती मात्र प्रिम यांच्या मूळ लेखात नाही; ती १९६४ मध्ये जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी आणली.

हीपमध्ये संख्या एका ओळीत ठेवलेल्या असतात आणि नियम एवढाच असतो, की कोणत्याही स्थानावरील संख्या त्या स्थानाच्या दुपटीच्या व दुपटीहून एकाने अधिक अशा स्थानांवरील संख्यांपेक्षा मोठी नसावी. यामुळे पहिल्या स्थानी नेहमी किमान संख्या असते. बाकीच्या संख्या क्रमवार असण्याची गरज नसते, आणि हीपची सारी काटकसर या शिथिलतेतच आहे. आरंभी वडनेरचे दुवे २०, २४ असे बसतात. २० काढला, हिंगणघाट मिळाले, आणि उरलेल्या २४ मध्ये हिंगणघाटाचे १९, १७ व ३६ हे दुवे त्या क्रमाने भरले. १९ ने २४ ला खाली सारून पहिले स्थान घेतले. १७ तिसऱ्या स्थानी येताच १९ शी अदलाबदल करून वर गेला. ३६ चौथ्या स्थानी आला आणि आपल्यावरील २४ पेक्षा मोठा असल्याने तेथेच राहिला. ओळ झाली १७, २४, १९, ३६. ही चढत्या क्रमाची ओळ नव्हे, तरीही ती निर्दोष हीप आहे. आता १७ काढला की अखेरचा ३६ पहिल्या स्थानी आणून ठेवावयाचा आणि खालच्या दोहोंपैकी लहान अशा १९ शी त्याची अदलाबदल करावयाची; ओळ १९, २४, ३६ अशी होते, आणि समुद्रपूर आपल्या पदरात पडलेले असते.

समुद्रपूरकडून ४० भरला जातो. नंतर १९ निघून अल्लीपूर मिळते आणि त्याचे २५ व २७ हे दुवे दाखल होतात. आता पहिल्या स्थानी २४, म्हणजे वडनेर-अल्लीपूर हा दुवा येतो. तो दाखल झाला तेव्हा अल्लीपूर बाहेर होते. आता ते आत आले आहे, आणि हीपला त्याची वार्ता नाही. अशी शिळी नोंद काढताक्षणी तिचे दूरचे टोक तपासून ती टाकून दिली पाहिजे. नवशिक्यांकडून ही एक तपासणी वारंवार राहून जाते, आणि मग वडनेर, हिंगणघाट व अल्लीपूर यांचे वर्तुळ जाळ्यात शिरते. यानंतर २५ ने वर्धा आणि १८ ने देवळी मिळते. दुवे आले २०, १७, १९, २५, १८ या क्रमाने. बेरीज पुन्हा ९९. क्रुस्कल यांनी १८ चा दुवा दुसऱ्याच पायरीस उचलला होता, प्रिम यांच्या रीतीस वर्ध्यास पोहोचेपर्यंत त्याचे अस्तित्वही ठाऊक नव्हते, आणि तरी दोघांचा वृक्ष एकच निघाला. हीपमध्ये मागे राहिलेले २७, ३६ आणि ४० कधी क्रमाने लावावेच लागले नाहीत.

इतक्या अदूरदर्शी निवडीतून सर्वोत्तम फल कसे प्राप्त होते, ही शंका रास्त आहे. मिळविलेली ठिकाणे एका बाजूस आणि उरलेली दुसऱ्या बाजूस अशी सीमा मनात आखावी. सीमा ओलांडणारा सर्वांत स्वस्त दुवा ज्यात नाही असा एखादा उत्तम वृक्ष कोणी पुढे केला, तर त्यात हा दुवा घालून पाहावा. वर्तुळ तयार होईल, आणि ज्या अर्थी वर्तुळ सीमेपलीकडे जाऊन परत येते त्या अर्थी ते सीमा आणखी एका ठिकाणी ओलांडीत असलेच पाहिजे. तो दुसरा दुवा आपल्या दुव्याहून स्वस्त असू शकत नाही. तो काढून टाकला तर जोडणी टिकते आणि खर्च वाढत नाही. प्रत्येक पायरीस हेच लागू पडते. क्रुस्कल यांच्या निवडीमागेही हाच युक्तिवाद आहे. भेद इतकाच, की त्यांची सीमा दर वेळी निराळ्या तुकड्याभोवती पडते.

शिळ्या नोंदीहूनही फसवी चूक दुसरी आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ च्या एकाच छोट्या लेखात हाच वृक्ष आणि दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग असे दोन प्रश्न सोडविले, आणि दोन्ही कृती दिसण्यात इतक्या सारख्या आहेत की एकीच्या जागी दुसरी सहज लिहिली जाते. हीपमध्ये केवळ दुव्याचा खर्च भरण्याऐवजी वडनेरपासूनची एकूण बेरीज भरली, तर अल्लीपूर थेट २४ ने जोडले जाते, कारण हिंगणघाटावरून बेरीज ३९ होते. आणि देवळी अल्लीपूरवरून ५१ ला मिळते, वर्ध्यावरून ६७ ला मिळत नाही. त्यातून निघणारे दुवे २०, २४, १७, २५, २७ असे असून बेरीज ११३ होते. सर्व ठिकाणे जोडली गेलेली, वर्तुळ कोठेही नाही, दुवे बरोबर पाच. वरवर पाहता दोष दिसत नाही, पण १४ लाख अधिक गेले. म्हणून एकाच माहितीवर दोन्ही रीती चालवून बेरजा ताडून पाहणे हा उत्तम पडताळा होय. समान खर्चाचे दुवे असतील तर वृक्ष भिन्न निघू शकतील, बेरजा मात्र भिन्न निघता कामा नयेत.

आता श्रमांचा हिशेब. एक हजार गावे असून प्रत्येक गाव प्रत्येकाशी जोडता येण्याजोगे असेल, तर दुवे ४,९९,५०० होतात. एवढी फर्द क्रमाने लावण्यास दर नोंदीमागे सुमारे १९ तुलना, म्हणजे जवळजवळ ९५ लाख तुलना लागतात. हीपमध्ये प्रत्येक बाहेरील गावाची एकच, आजवरची सर्वांत स्वस्त नोंद राखली, तर तिची उंची सुमारे १० पायऱ्यांची राहते आणि वाईटात वाईट प्रसंगी सुमारे ५० लाख पायऱ्या चढाव्या लागतात. हा भेद दुपटीहून विशेष मोठा कधीच होत नाही, कारण दुव्यांची संख्या गावांच्या संख्येच्या वर्गापेक्षा कमी असते आणि वर्गाचा लॉगॅरिदम मूळ संख्येच्या लॉगॅरिदमच्या दुप्पट असतो. हीप ही सर्वत्र श्रेष्ठच, असा जो समज आढळतो तो माझ्या मते टिकत नाही. इतक्या दाट जाळ्यात तर हीपही नको. प्रत्येक गावासमोर त्याचा सर्वांत स्वस्त दुवा एका साध्या तक्त्यात लिहून दर वेळी तो तक्ता आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला, तर दहा लाखांच्या आसपास तपासण्यांत काम उरकते, आणि प्रिम यांनी मुळात सुचविले होते ते जवळजवळ हेच.

उलट प्रत्येक गावाचे चारच शेजारी असतील तर दुवे अवघे दोन हजार होतात, आणि मग दोन्ही रीतींत निवड करण्याचे कारण वेग हे उरत नाही. मोजणीखात्याकडून फर्द आधीच क्रमवार येत असेल तर क्रुस्कल यांची रीत घ्यावी. मात्र शेजाऱ्यांचे खर्च त्या गावी पोहोचल्यावरच कळणार असतील, तर सर्व दुवे आधी गोळा करण्याची अट क्रुस्कल यांना अडवते आणि प्रिम यांना अडवत नाही.

एका बाबतीत मात्र वडनेरहून निघालेला वृक्ष अपुरी माहिती देतो. समजा वर्धा आणि देवळी यांच्याकडे इतर गावांतून जाणारा एकही दुवा शक्य नसता. तर समुद्रपूर व अल्लीपूर मिळाल्यानंतर २४ ची शिळी नोंद टाकली जाताच हीप रिकामी झाली असती, आणि पाचांऐवजी तीनच दुव्यांवर काम थांबले असते. दुव्यांची मोजणी केली तरच हे लक्षात येते. क्रुस्कल यांच्या फर्दीतून त्याच वेळी वर्धा-देवळी हा दुसरा, वेगळा वृक्षही तयार होऊन हाती आला असता. प्रिम यांच्या रीतीला तो मिळविण्यासाठी वर्ध्यापासून पुन्हा नव्याने आरंभ करावा लागतो.