मुख्याध्यापिकांना अ‍ॅपसाठी पत्र लिहिताना

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उद्या शाळा साडेसातला’ अशी सूचना येते आणि लगेच ‘ओके मॅडम’, नमस्काराचे हात, वाढदिवसाच्या शुभेच्छा यांखाली गाडली जाते. रात्री कामावरून आलेल्या पालकाला ती सापडत नाही. शिवाय प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. म्हणून पालकांसाठी वेगळं अ‍ॅप असावं, असं अनेक पालक-शिक्षक संघांना वाटतं. पण ‘शाळेने अ‍ॅप घ्यावे’ एवढंच लिहिलेलं पत्र फायलीत पडून राहतं, कारण त्यात सगळी जोखीम मुख्याध्यापिकांवर येते. त्यापेक्षा पत्रात छोट्या प्रयोगाची परवानगी मागावी.

समजा, पाचवीच्या दोन तुकड्या आहेत. पत्रात असं लिहिता येईल: ‘सहा आठवडे फक्त ‘अ’ तुकडीच्या सूचना अ‍ॅपवरून द्याव्यात, ‘ब’ तुकडीचे नेहमीप्रमाणे चालू द्यावे. ‘अ’ तुकडीतही महत्त्वाची सूचना मुलांच्या डायरीत लिहावी.’ डायरीचं वाक्य गाळू नये. स्मार्टफोन नसलेल्या घरांचा प्रश्न मुख्याध्यापिका सर्वांत आधी विचारतात.

यश कशावरून ठरवायचं, हेही आधीच लिहावं. अ‍ॅपवरच्या ‘पाहिले’ या खुणेवर विसंबू नये, कारण फोन बऱ्याचदा मुलाच्याच हातात असतो. सहलीचं संमतीपत्र दोन्ही तुकड्यांतून मुदतीत किती घरांतून परत आलं, ही खरी कसोटी. दुसरी कसोटी वर्गशिक्षिकेची: सूचना लिहायला तिला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो का आणि संध्याकाळीही उत्तरं द्यावी लागतात का? उत्तर ‘हो’ असेल, तर पालकांची सोय तिच्या घरच्या वेळेतून होते आहे.

आता माहितीच्या सुरक्षिततेचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक ठरतो. बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती, आणि बालकाला लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई, ही या कायद्याची चौकट आहे. नियमांत शाळांना काही सवलत असली, तरी संमतीपत्राचा नमुना पत्राला जोडावा. ‘माहिती सुरक्षित राहील’ या वाक्याने कुणाचं समाधान होत नाही. काय घेणार, ते मोजून सांगावं: मुलाचं नाव, तुकडी आणि पालकाचा एक नंबर. आधार, फोटो, आजारपणाची माहिती घेणार नाही. माहिती कोण उघडू शकतं आणि ती कधी पुसली जाईल, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. पत्र देण्याआधी अ‍ॅप एका फोनवर टाकून पाहावं. सूचना वाचण्यासाठी ते लोकेशन किंवा फोनमधले सगळे नंबर मागत असेल, तर दुसरं अ‍ॅप शोधावं.

शेवटी थांबण्याची अट लिहावी: ‘सहा आठवड्यांनी दोन्ही तुकड्यांचे आकडे संघाच्या सभेत ठेवू. फरक दिसला नाही, तर प्रयोग बंद करून माहिती पुसल्याचे कंपनीचे पत्र शाळेत जमा करू.’ एवढं हाती असलं, की मुख्याध्यापिकांना होकार देताना संस्थेला काय सांगायचं, हा प्रश्न उरत नाही.