मुलाखतीतून माघार कळवणारा ईमेल
दुसरी नोकरी स्वीकारल्यावर चालू निवडप्रक्रियेतून माघार घेणारा ईमेल चार-पाच वाक्यांत संपतो. तो पाठवायचा मात्र नव्या कंपनीचे ऑफर लेटर हाती आल्यावरच; तोंडी होकारावर विसंबून माघार घेतली, तर दोन्ही जागा हातच्या जाऊ शकतात. पुढची फेरी ठरलेली असेल, तर तिची तारीख लिहावी, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांचा वेळ मोकळा होतो. उदाहरणार्थ:

विषय: लेखापाल पदाची उमेदवारी मागे घेण्याबाबत

महोदया,
मी दुसरीकडे नोकरी स्वीकारली आहे. त्यामुळे माझी उमेदवारी मागे घेत आहे. गुरुवारची मुलाखत कृपया रद्द करावी. आपण दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार.

नव्या कंपनीचे नाव किंवा पगार सांगण्याची गरज नसते. आधीच्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवल्यास संदर्भ शोधावा लागत नाही.