अख्खं कीर्तन, एका मिनिटाची रील

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याआधी सहा आठवडे, 8 नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलिस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं आणि सुदैवानं ते ध्वनिमुद्रित झालं. पुढे ते कागदावरही उतरलं. त्याला कात्री लावण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालूच आहेत.

पहिली काटछाट म्हणजे दशसूत्री. ती भिंतीवर शोभते, पण तिची रील होत नाही, कारण दहा विचार एका मिनिटात मावत नाहीत. जुलै 2020 मध्ये भारतात रील आली ती पंधरा सेकंदांची. तेवढ्यात फक्त आज्ञा बसायची. पुढच्या वर्षी मिनिटभराची मुभा मिळाली आणि आज्ञेमागचं कारण सांगायला जागा झाली.

शिक्षणावरचा भाग घ्या. बाबा सांगतात, ताट मोडा, हातावर भाकर खा, बायकोला स्वस्तातलं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला. न शिकलेल्या माणसाला ते गाडीच्या बैलाची उपमा देतात. संहितेवर आधी चार खुणा कराव्यात: प्रश्न, श्रोत्यांचं उत्तर, दाखला आणि आज्ञा. केंद्रविचार एकच, पोराची शाळा. दाखल्यांतलं ताट ठेवावं, कारण ते ऐकताक्षणी डोळ्यांपुढे येतं, लुगडं सोडावं. बैल मात्र ठेवावाच लागतो. तो गाळला की ताट मोडणं म्हणजे नुसतं गरिबीचं कौतुक वाटतं. कशासाठी मोडायचं, हे कळतच नाही. म्हणून क्रम असा: ताट, मग बैल, शेवटी शाळा.

सेकंदाला साधारण दोन शब्द धरले, तर मिनिटात एकशेवीस बसतात. पण बाबांचं कीर्तन सवाल-जवाबाचं. ते विचारतात, लोक उत्तर देतात. त्या उत्तरांना जागा द्यायची, तर शंभराच्या आतच थांबावं. श्रोत्यांचा आवाज काढला तर संवादाचं प्रवचन होतं. देवाबद्दलचा प्रश्न ठेवून उत्तर कापलं, तर अर्थ थेट उलटतो. अशी चूक ओळखायला सोपी आहे: ज्यानं कीर्तन ऐकलेलं नाही त्याला रील ऐकवा आणि बाबा काय करा म्हणतात ते विचारा. उत्तर अडलं, तर कात्री चुकीच्या जागी लागली.

आणखी दोन पथ्यं. दोन वाक्यांचे तुकडे जोडून तिसरं वाक्य घडवू नये. खालच्या अक्षरांत वऱ्हाडी बोलीची प्रमाण मराठी करू नये. कानाला एक आणि डोळ्याला दुसरं, असं झालं की बाबांचा आवाज परका वाटतो.

या पाच-सहा वर्षांचा हिशेब असा: आज्ञेच्या रील पुष्कळ झाल्या, कारणाच्या थोड्या. येत्या 20 डिसेंबरला रील टाकणार असाल, तर आधी वांद्र्याचं कीर्तन एकदा पुरतं ऐका, मगच कात्री हातात घ्या.